शाल, श्रीफळ आणि टपली

दिवाळी आटोपली की महाराष्ट्रात दोन हंगाम जोडीनं सुरू होतात. एक उसाचा, दुसरा व्याख्यानमालांचा. पहिल्यात ऊस गाळला जातो, दुसऱ्यात पाहुणा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या मागोमाग गावोगावी मांडव पडले आणि आपण वक्ते ऐकायला शिकलो. पण वक्ता ऐकायचा तर आधी त्याचा परिचय सोसावा लागतो.

हा परिचय पूर्वी नुसता कंटाळवाणा असे. ‘ज्यांच्या परिचयाची गरजच नाही’ अशी सुरुवात व्हायची आणि पुढची अकरा मिनिटं ती नसलेली गरज भागवली जायची. पाहुण्याची प्राथमिक शाळा, त्या शाळेला मिळालेला पुरस्कार, पाहुण्याला मिळालेला पुरस्कार, तो ज्यांच्या हस्ते मिळाला त्यांना मिळालेले पुरस्कार. शेवटी सूर्याला काजवा दाखवल्याबद्दल माफी. लोक जांभया देत, पाहुणा छताकडे बघे, पण कुणाला इजा होत नसे.

आता परिचय ‘खुमासदार’ झाला आहे. हल्ली सूत्रसंचालनाचे वर्ग भरतात, तिथं ‘सभा पहिल्या मिनिटात हसली पाहिजे’ असं शिकवतात आणि शिकलेला माणूस समोर मिळेल त्यावर विनोद करतो. समोर पाहुणाच असतो. मग डॉक्टर असेल तर ‘यांच्या हातून आजवर कुणी परत आलेलं नाही.’ वकील असेल तर ‘यांच्याशी खरं बोलू नका, त्यांना सवय नाही.’ नगरपालिकेचा अभियंता असेल तर खड्डे. टक्कल असेल तर विचारायलाच नको, तिथं तर बल्बच पेटतो. पाहुण्याच्या पत्नी पहिल्या रांगेत असतील तर ‘प्रत्येक यशस्वी पुरुषाच्या मागे एक स्त्री असते, सरांच्या मागे वहिनी आहेत, म्हणूनच ते इतके पुढे पळाले.’ आणि पाहुणी बाई जिल्हाधिकारी असेल तर तिनं दुष्काळात काय केलं हे राहतं बाजूला, ‘सौंदर्य आणि बुद्धिमत्तेचा संगम’ मात्र ठरलेला. हे शेवटचं वाक्य म्हणजे विनोद नाही, हे त्या निवेदकाला ठाऊक असतं. त्याचा विनोद झाला आहे हे फक्त त्याला ठाऊक नसतं.

आडनावावरचे विनोद हा तर राखीव मतदारसंघ. पाहुणा गोडबोले निघाला की निवेदकाला हर्षवायू होतो. ‘नावाप्रमाणेच गोड बोलतात!’ निवेदकाला हे त्या दिवशी सकाळी अंघोळ करताना सुचलेलं असतं. गोडबोल्यांनी हे पहिलीत मास्तरांकडून ऐकलं, कॉलेजात ऐकलं, मुलगी बघायला गेले तिथं ऐकलं आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात दोनदा ऐकलं. तरी ते हसतात. ते हसू आनंदाचं नसतं, सरावाचं असतं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, गमतीत म्हटलं. गमतीबद्दल तक्रार नाही. परिचयातली गंमत इतर गमतीसारखी नसते, एवढंच सांगायचं आहे. पारावर, कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी तुमची टोपी उडवली तर तुम्ही लगेच माझी उडवता. हिशेब तिथल्या तिथं चुकता होतो. व्यासपीठावर काय होतं ते बघा. पाहुण्याच्या अंगावर शाल आहे, एका हातात नारळ आहे, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ आहे आणि ते ठेवायचे कुठं हे त्याला कळत नाहीये. माइक तुमच्याकडे आहे. त्याची पाळी तुम्ही बोलावल्यावर येणार. शिवाय तो पाहुणा आहे, रागावला तर ‘अहो, किती रागीट’ ही दुसरी पदवी मिळणार. थोडक्यात, ज्याचे हात बांधले आहेत त्यालाच टपली मारण्याची सोय आपण करून ठेवली आहे.

आणि सभा? परिचयातला विनोद झाला की सभा लगेच हसत नाही. पुढच्या सभेत जरा निरखून बघा. विनोदाचं वाक्य संपतं, आणि शंभर-दोनशे मुंडकी निवेदकाकडून पाहुण्याकडे वळतात. तो हसला का? हसला असेल तर मग सभा मोकळी होते. नसेल हसला तर एक विचित्र खसखस उठते, बहुधा आयोजकांच्या रांगेतून, कारण त्यांना हसणं भाग असतं. म्हणजे परिचयात हशा मिळवायचा तो निवेदकाच्या खात्यावर मिळत नाही. तो पाहुण्याच्या खात्यातून उचलावा लागतो. त्याची सही नसेल तर चेक वटत नाही. परिचयातल्या विनोदाचं सगळं शास्त्र एवढंच आहे, बाकी उदाहरणं.

पहिलं उदाहरण मार्क ट्वेनचं. हा अमेरिकन विनोदकार लेखक म्हणून नावारूपाला येत होता तेव्हाच व्याख्यानं देत गावोगाव हिंडू लागला होता. तिकडच्या परिचयांनाही तो वैतागलेला होता, त्यामुळे काही काळ तो स्वतःचा परिचय स्वतःच करून देई. पश्चिमेकडच्या एका खाणीच्या वस्तीत मात्र लोकांनी आपल्यातल्याच एका खाणकामगाराला ढकलून मंचावर चढवलं. बिचाऱ्याला काय बोलावं सुचेना. त्यानं सांगितलं ते असं: या माणसाबद्दल मला दोनच गोष्टी माहीत आहेत, एक, हा कधी तुरुंगात गेलेला नाही, आणि दोन, का गेला नाही ते मला कळत नाही. ट्वेनला हा परिचय इतका आवडला की पुढे म्हातारपणी आत्मचरित्रातही त्यानं तो सांगितला.

हे का जमलं? खाणकामगार स्वतःची फजिती सांगत होता, माझी माहिती संपली म्हणत होता. ट्वेनला तुरुंगाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे तो बाण लागण्यासारखी जखमच अंगावर नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या क्षणाला माइकच्या जागी उभा राहणारा माणूस जगातला एक अट्टल विनोदकार होता. त्याला टपली मारणं म्हणजे पैलवानाला आखाड्यात बोलावणं, तो खूशच होणार. एवढा परिचय दोन वाक्यांत संपला हे आणखी एक पुण्य.

आता त्याच तुरुंगाचा दुसरा विनोद बघा. 16 जानेवारी 2011, कॅलिफोर्नियातलं बेव्हर्ली हिल्टन हॉटेल, गोल्डन ग्लोब पुरस्कारांचा सोहळा. सूत्रसंचालक ब्रिटिश विनोदकार रिकी जर्व्हेस. त्याचं काम आपल्या निवेदकाचंच: पुरस्कार द्यायला येणाऱ्या प्रत्येक नटाचा दोन ओळींत परिचय करून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. रॉबर्ट डाउनी ज्युनिअरची पाळी आली. जर्व्हेस म्हणाला त्याचा मथितार्थ असा की या माणसाला तुम्ही बहुतेक जण व्यसनमुक्तीच्या दवाखान्यातून आणि लॉस एंजेलिसच्या तुरुंगातून ओळखत असाल. दवाखान्याचं आणि तुरुंगाचं नाव घेऊन.

ट्वेनला तुरुंगाचा विनोद परवडला, कारण तो तुरुंगात गेलेला नव्हता. डाउनी गेलेला होता. नव्वदच्या दशकात अमली पदार्थांपायी अटक, कोर्ट, तुरुंग, हातची कामं जाणं, सगळं त्याच्या वाट्याला आलं होतं. त्यातून तो वर आला, 2008 मध्ये ‘आयर्न मॅन’ झाला आणि आदल्याच वर्षी याच गोल्डन ग्लोबच्या मंचावरून पुरस्कार घेऊन गेला होता. म्हणजे त्याच्याबद्दल सांगण्यासारखी ताजी, मोठी, खरी गोष्ट हाताशी असताना निवेदकानं तळातली उकरली. डाउनी मंचावर आला आणि हसतच म्हणाला की आतापर्यंतचा कार्यक्रम बराच खवचट आहे आणि त्याला किंचित भेसूर वास येतोय, एवढं सोडलं तर वातावरण छान आहे. सभागृह हसलं. पण त्या हशाचा मालक बदलला होता. जर्व्हेसनं टाकलेला विनोद जर्व्हेसवरच फिरला आणि दुसऱ्या दिवशी बातमी पुरस्कारांपेक्षा त्याच्या तोंडाळपणाची जास्त झाली.

त्याच रात्रीचा एक परिचय तर प्रत्येक आयोजकानं अभ्यासाला ठेवावा. टॉम हँक्स आणि टिम ॲलन हे दोघे जोडीनं मंचावर येणार होते. ‘टॉय स्टोरी’तल्या दोन मुख्य खेळण्यांचे हे आवाज. जर्व्हेसनं हँक्सचा परिचय सुरू केला: अभिनेता, निर्माता, लेखक, दिग्दर्शक, चित्रपटांचा अब्जावधी डॉलरचा गल्ला, दोन ऑस्कर, इतके गोल्डन ग्लोब, मोठी यादी. आणि मग शेवटी म्हणाला, दुसरे आहेत टिम ॲलन. बस, एवढंच.

कारागिरी म्हणून हा विनोद पक्का आहे. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला नुसतं नाव, आणि मधल्या रिकाम्या जागेत हशा. पण ती जागा टिम ॲलनच्या पायाखालची होती. दोघं मंचावर आले. हँक्स म्हणाला, आम्हाला तो काळ आठवतो जेव्हा रिकी जर्व्हेस थोडा गुबगुबीत पण मनानं चांगला विनोदकार होता. ॲलननं लगेच जोड दिली, आता तो या दोन्हींपैकी काहीच नाही. फिटंफाट. इथं एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या: टोला ज्याला बसला नव्हता त्या हँक्सनं आधी हात उचलला. पाहुण्याला लागलं तर त्याच्या शेजारी बसलेलाही तुमच्या बाजूनं राहत नाही.

हॉलिवूडला हसण्याआधी आपण आपल्या घरात बघावं. हँक्स आणि ॲलनचा विनोद आपल्याकडे दर रविवारी होतो. मुख्य अतिथी आमदार, त्यांचा परिचय नऊ मिनिटं. ‘आणि त्यांच्यासोबत व्यासपीठावर उपस्थित आहेत श्री. अमुक, त्यांचंही स्वागत.’ हे श्री. अमुक म्हणजे चाळीस वर्षं गावच्या वाचनालयाची चावी सांभाळणारे गृहस्थ असतात. फरक इतकाच की जर्व्हेसनं ते ठरवून केलं आणि आपण ते न ठरवता करतो. अपमान दोन्हीकडे सारखाच, आपल्याकडे वर हसायलाही मिळत नाही.

एक पाहुणा मात्र जर्व्हेसच्या अंगाशी आला असं म्हणायला हवं: यजमान संस्थेचा अध्यक्षच. फिलिप बर्क तेव्हा हॉलिवूडमधल्या परदेशी पत्रकारांच्या संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे ज्यांच्या घरचं लग्न तेच. वयस्कर गृहस्थ. त्यांना बोलावताना जर्व्हेसनं त्यांच्या कवळीवर आणि शौचालयातून उठवण्यावर विनोद केला. बर्क माइकपाशी आले आणि म्हणाले, पुढच्या वेळी तुझा सिनेमा शर्यतीत बसवायला मदत लागली तर दुसऱ्या कुणाकडे जा. हे वाक्य हसत म्हटलेलं असो वा दात आवळून, मंचावर घरचं भांडण निघालं ते निघालंच. म्हातारपणावरच्या विनोदाला म्हाताऱ्या माणसाकडे प्रतिविनोद नसतो. त्याला एक तर गिळावं लागतं किंवा हिशेब काढावा लागतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एवढं रामायण होऊनही जर्व्हेसला 2012 मध्ये पुन्हा बोलावलं, मग 2016 मध्ये आणि 2020 मध्येही. कारण उघड आहे. त्याचं गिऱ्हाईक त्या सभागृहात नव्हतंच, ते घरी टीव्हीसमोर बसलं होतं आणि त्याला श्रीमंत नटांना चिमटे बसलेले बघायचे होते. नट हा तिथला कच्चा माल होता. मुंबईत वरळीच्या डोमला डिसेंबर 2014 मध्ये झालेला एआयबीचा ‘रोस्ट’ आठवा. करण जोहर निवेदक, रणवीर सिंह आणि अर्जुन कपूर बळीच्या बकऱ्याच्या खुर्चीत. पण ते ठरवून, तयारीनं, उलट टोला मारण्याची बोली करून बसले होते. त्या दोघांनी तक्रार केली नाही. ओरड झाली ती बाहेरून, व्हिडिओ बघून. ‘चला हवा येऊ द्या’च्या मंचावर येणाऱ्या कलाकारालाही ठाऊक असायचं की आज आपली खेचणार. तो खेच सोसायच्या तयारीनंच घरून निघायचा. तुमच्या व्याख्यानमालेला येणारा वक्ता मात्र एसटीनं किंवा स्वतःच्या गाडीनं, भाषणाचे कागद घेऊन निघालेला असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

न विचारता केलेल्या विनोदाची किंमत किती होते त्याचं सगळ्यात महागडं उदाहरण 27 मार्च 2022 च्या ऑस्करचं. ख्रिस रॉकनं विल स्मिथच्या पत्नीच्या डोक्यावर केस नसण्यावरून विनोद केला. केस आजारामुळे गेले होते आणि जेडा पिंकेट स्मिथनं ते 2018 मध्येच जाहीर सांगितलं होतं. पुढची थप्पड जगानं बघितली. पण ख्रिस रॉक मंचावर आला होता कशाला? उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार द्यायला. तो पुरस्कार ‘समर ऑफ सोल’ला मिळाला, क्वेस्टलव्ह त्याचा दिग्दर्शक. थप्पड सगळ्यांना आठवते. क्वेस्टलव्ह किती जणांना आठवतो? ज्याच्यासाठी मंच मांडला त्याचीच वेळ विनोदानं खाल्ली. थप्पड मारणाऱ्यावर अकादमीनं दहा वर्षांची बंदी घातली. वाया गेलेल्या त्या क्षणाची भरपाई कुणी दिली नाही.

पुरे झालं परदेश. आता आपल्या मांडवात येऊ आणि एक परिचय हाताशी घेऊन घडवून बघू.

समजा सांगोल्याकडचं एखादं गाव आहे, डाळिंबाचा पट्टा. पाहुणे निवृत्त वनस्पतिरोगतज्ज्ञ. उभी हयात डाळिंबाच्या तेल्या रोगावर घातलेली. समोर शेतकरी बसले आहेत, त्यातल्या काहींनी तेल्यापायी बागा उपटून टाकल्या आहेत. सरांना पूर्ण टक्कल. परिचय करून देणार आहेत हायस्कूलचे एक उत्साही शिक्षक, आणि त्यांना एक विनोद करायचाच आहे.

पहिला मसुदा: ‘सर आले की तेल्या पळतो, पण त्याआधी सरांचे केस पळाले.’ सभा हसेल, नाही असं नाही. अर्धा सेकंद. पण या वाक्यानं सरांबद्दल काय कळलं? जे मागच्या रांगेतूनही दिसत होतं तेच. विनोदातून काही नवीन कळत नसेल तर त्यात उरतो तो फक्त टोचा.

दुसरा मसुदा: ‘सरांनी तीस वर्षं तेल्याचा पाठलाग केला, सर निवृत्त झाले, तेल्या अजून नोकरीत आहे.’ वाक्य म्हणून हे पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. यात सरांच्या आयुष्यभराच्या कामावर ‘नापास’ असा शिक्का आहे, आणि समोर ज्याची बाग गेली तो शेतकरी यावर हसणार कसा? इथं सभा दोघांची तोंडं बघेल: सरांचं, आणि बाग गेलेल्या शेजाऱ्याचं. गंमत म्हणजे हेच वाक्य सरांनी स्वतः भाषणात म्हटलं तर टाळ्या पडतील. तो त्यांचा अधिकार आहे. त्यांनी दहा गावांत म्हटलेलं असलं तरी तो अधिकार निवेदकाकडे वर्ग होत नाही. उलट सरांचं भाषणातलं हुकमी वाक्य तुम्ही आधीच वापरून टाकलंत, म्हणजे आता त्यांना ते गाळावं लागणार.

तिसरा मसुदा. शिक्षकांनी सरांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि विचारलं, सरांची काही सवय सांगा. सहकारी म्हणाला, लग्नाला गेले की सरांचं लक्ष नवरा-नवरीकडे नसतं. मांडवाच्या दारात केळीचे खांब असतात ना, त्यांच्या पानांवर करपा आहे का ते बघत उभे असतात. मग शिक्षकांनी लिहिलं: ‘सरांना लग्नाला जरूर बोलवा, फक्त अक्षता पडेपर्यंत ते मांडवाच्या दारातच सापडतील, केळीच्या पानावर करपा शोधत.’

आता हे बघा कसं बसतं. शेतकऱ्याला करपा माहीत आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. हसता हसता कळतं की हा माणूस चोवीस तास पिकाचाच विचार करतो, म्हणजे याचं ऐकण्यात अर्थ आहे. सरांची फजिती आहे, पण ती त्यांच्या नादाची, त्यांच्या देहाची नाही की अपयशाची नाही. आणि सरांना उत्तर देता येतं. ते उठून म्हणू शकतात, ‘करपा होता, म्हणूनच त्या लग्नात जेवण बरं नव्हतं.’ पाहुण्याला पहिलं वाक्य आयतं मिळालं, सभा त्याच्या हाती गेली. परिचयाचं काम तेवढंच असतं.

राहता राहिला प्रश्न, हा विनोद परिचयात कुठं बसवायचा. दोन मिनिटांचा परिचय धरा, सव्वादोनशे-अडीचशे शब्द. विनोद पहिल्या वाक्यात नको, कारण माणूस कोण हे कळायच्या आधी त्याची सवय कळून काय उपयोग? आधी एक ठोस काम सांगा: कुठल्या रोगावर, कुठल्या पट्ट्यात, काय केलं. मग विनोद, एकच. त्यानंतर पुन्हा एक गंभीर वाक्य, म्हणजे हशा विरतो आणि आदर उरतो. शेवटी नाव. नाव उच्चारलं की टाळ्या, आणि टाळ्यांच्या आवाजात तुम्ही बाजूला. शेवटच्या वाक्याला विनोद ठेवला तर पाहुणा हशाच्या अंगावर चालत येतो, आणि गंभीर विषय घेऊन आलेल्या माणसाला मग आधी सभा शांत करावी लागते.

एवढं करूनही फसू शकतं. फसलं हे कसं ओळखायचं? पाहुणा हसेलच, तो काही पुरावा नाही. हसल्याबरोबर त्याचा हात पाण्याच्या ग्लासकडे गेला, किंवा त्यानं भाषणाचे कागद उगाच सारखे केले, की समजा लागलं. हशा फक्त डाव्या कोपऱ्यातून, आयोजकांच्या खुर्च्यांतून आला तर समजा लागलं. आणि पाहुण्यानं भाषणाची पहिली दोन मिनिटं ‘आताच निवेदक म्हणाले, पण वस्तुस्थिती अशी की’ यात घालवली, तर समजायचंही काही उरलं नाही. अशा वेळी आभारप्रदर्शनात ‘मघाशी गमतीनं म्हटलं, सरांनी राग मानू नये’ असं म्हणून जखम दुसऱ्यांदा उघडू नका. ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही लक्षात येतं. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या कपाशी गाठा आणि हळूच ‘चुकलं’ म्हणा. माइकशिवाय.

खरं तर या सगळ्या भानगडीवर एक साडेतीन मिनिटांचा उपाय आहे आणि तो कुणीच करत नाही. पाहुण्याला दोन दिवस आधी फोन करा. ‘सर, परिचयात असं असं म्हणणार आहे, चालेल ना?’ एवढं विचारा. विनोद चांगला असेल तर तो फोनवरच हसेल आणि आणखी एक किस्सा देईल. वाईट असेल तर एक क्षण थांबेल आणि म्हणेल, ‘म्हणा की, काही हरकत नाही.’ हे ‘काही हरकत नाही’ मराठीतलं सगळ्यात सभ्य नकारपत्र आहे. ते ऐकू आलं की विनोद काढून टाका. ‘पण मग उत्स्फूर्तता कुठं राहिली’ असं विचारणाऱ्यांसाठी: जर्व्हेसचे विनोदही कागदावर लिहिलेले होते. उत्स्फूर्त वाटलं पाहिजे, असलं पाहिजे असं नाही.

आणि फोनवर पाहुण्याच्या नावाचा उच्चारही विचारून घ्या. परिचयात सगळ्यात जास्त हशा कशाला पिकतो हे सांगतो: निवेदकानं पाहुण्याचं आडनाव चुकवलं की. तो हशा फुकटचा असतो, आणि त्याची किंमत निवेदकच मोजतो.

तेव्हा येत्या हंगामात ज्यांच्या हाती माइक येणार आहे अशा सर्व खुमासदार मंडळींना विनंती. विनोद सापडला, तपासला, पाहुण्यानं मनापासून हसून होकार दिला, तर जरूर करा, एकच करा. नाही सापडला तर साधा परिचय द्या: नाव, काम, आज कशावर बोलणार, आणि बसा. परिचयात विनोद नव्हता म्हणून एखादा पाहुणा रुसून गेल्याचं आजवर तरी माझ्या ऐकिवात नाही.